इंग्लंडमधलं पहिलं खातं, कोरी पत आणि चिपळूणचं पासबुक

प्रश्न: मी चिपळूणची. दोन महिन्यांत लीड्सजवळच्या एका सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून रुजू होतेय. तिथे खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि घर भाड्याने घ्यायला बँक खातं लागतं, असं मैत्रिणी सांगतात. मग सुरुवात कुठून करायची? माझा इथला सिबिल चांगला आहे, तो तिथे चालेल का? आणि इथलं पगाराचं खातं बंद करू की राहू देऊ? त्यातून शिक्षणकर्जाचा हप्ता जातो. बाबा सहकर्जदार आहेत.

उत्तर: मी बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात बँकेच्या अनिवासी खात्यांच्या टेबलावर होतो. आता मुलाकडे इंग्लंडमध्ये असतो आणि आपल्याकडून येणाऱ्या नर्सेसना याच कामात मदत करतो. तुमचे प्रश्न त्या क्रमाने नाही, तर कामं ज्या क्रमाने समोर येतील त्या क्रमाने घेतो.

सिबिलचं आधी संपवू. तो तिथे चालत नाही. ट्रान्सयुनियन हे नाव तुम्हाला दोन्हीकडे दिसेल, पण भारतातली नोंद भारतात राहते आणि तिथली तिथे. ब्रिटनमध्ये एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन अशा तीन पतसंस्था आहेत, म्हणजे लोकांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या संस्था, आपल्याकडच्या ठेवी घेणाऱ्या पतसंस्था नव्हेत. तिघींची गुण मोजायची पट्टी वेगळी, आणि कर्ज देणारी बँक त्यांच्याकडची माहिती घेऊन शेवटी स्वतःचाच हिशोब लावते. त्यामुळे ‘तिथे किती स्कोअर हवा’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमची पत तिथे वाईट नसते, फक्त कोरी असते. पण यंत्राला कोरा कागद आणि संशयास्पद कागद यात फारसा फरक कळत नाही, अडचण तेवढीच.

आता पत्त्याचा तिढा. त्यातून बाहेर पडायची वाट रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागातून जाते. परदेशातून आलेल्या नर्सेसना बहुतेक ठिकाणी सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने रुग्णालयाच्याच निवासात खोली मिळते. निघण्याआधीच त्यांना मेल करून एक पत्र मागून ठेवा. रुग्णालयाच्या लेटरहेडवर तुमचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख आणि निवासाचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट. तिथे पिनकोडला पोस्टकोड म्हणतात. नुसतं नेमणूकपत्र चालत नाही, कारण त्यावर तुमचा चिपळूणचा पत्ता असतो. असं पत्र मागणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, त्यांच्याकडे त्याचा तयार नमुना असतो.

हे पत्र घेऊन मोठ्या बँकेच्या शाखेत गेलात तर अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात. म्हणून मी पहिलं खातं ॲपवरच्या बँकेत उघडायला सांगतो. मॉन्झो किंवा स्टार्लिंग या परवाना असलेल्या बँकाच आहेत, फक्त शाखा नाहीत. पासपोर्टचा फोटो, स्वतःचा छोटा व्हिडिओ आणि तिथला पत्ता एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. व्हिसाचा पुरावा मागितलाच तर आता कार्ड नसतं, ई-व्हिसा असतो. गव्हर्नमेंटच्या संकेतस्थळावर लॉगिन करून शेअर कोड काढायचा आणि तो द्यायचा. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे तिथला कर आणि सामाजिक विम्याचा क्रमांक, आला नाही म्हणून खातं अडत नाही, तो नंतर आला तरी चालतो. ॲपने नकार दिला तर मोठ्या बँकांकडे ‘बेसिक बँक अकाउंट’ मागा. देशात कायदेशीर राहणाऱ्याला असं खातं देणं तिथल्या मोठ्या बँकांना २०१५ च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्यात ओव्हरड्राफ्ट नसतो. तुम्हाला तो नकोच आहे.

घाई का, तर पगारासाठी. पगार महिन्याने होतो आणि त्याची यादी बऱ्याच रुग्णालयांत महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच बंद होते. तोवर सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खाते क्रमांक पोहोचला नाही, तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो. म्हणून दीड-दोन महिन्यांचा खर्च सोबत असू द्या, बराचसा फॉरेक्स कार्डावर. परकी चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मोलापर्यंत नेता येतात, पण एवढी रोकड नेण्यात अर्थ नाही.

इथून पुढे जे सांगतो ते कुणी सांगत नाही, आणि पत उभी राहण्याचा निम्मा भाग त्यातच आहे. तिथे आधार किंवा पॅनसारखा एकच क्रमांक नाही, ज्यावर सगळ्या नोंदी लटकवता येतील. पतसंस्था माणसाला ओळखतात ती नाव, जन्मतारीख आणि पत्ता या तिघांच्या मेळावरून. ही तिन्ही सगळीकडे तंतोतंत तीच असतील तर नोंदी एका फाइलीत जमा होतात. नसतील तर तुमच्या नावाच्या दोन पातळ फाइली तयार होतात आणि दोन्ही निकामी.

आपल्या लोकांची इथेच फसगत होते, कारण आपलं नाव तीन पदरी. पासपोर्टवर ‘Given Name’ च्या रकान्यात तुमचं नाव आणि बाबांचं नाव दोन्ही छापलेली असतात, आडनाव वर वेगळं. रुग्णालय पगारपत्रकावर कधी तिन्ही लिहितं, कधी फक्त पहिलं आणि शेवटचं. फोन कंपनीच्या फॉर्ममध्ये बाबांचं नाव ‘मिडल नेम’मध्ये जातं. लग्न झालेल्या मुलींचं तर पासपोर्टवर सासरचं आणि पदवीवर माहेरचं, असाही घोळ असतो. एकदाच ठरवा: पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे. पगारपत्रकात वेगळं आलं तर पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घ्या.

पत्त्याचंही तेच. गुहागर तालुक्यातल्या एका नर्सचं प्रकरण सांगतो. ती सप्टेंबरमध्ये आली, निवासाच्या पत्त्यावर खातं उघडलं, डिसेंबरात तीन मजली घरातला वरचा मजला भाड्याने घेतला. बँकेत पत्ता दिला ‘फ्लॅट ३, २७’ असा आणि नगरपालिकेच्या मतदार नोंदणीत ‘२७ सी’ असा. घर एकच, पोस्टमनला दोन्ही कळतं. पण फेब्रुवारीत तिने कार्डासाठी चाचपणी केली तेव्हा एकही कंपनी तयार नाही असं उत्तर आलं. आम्ही तिन्ही संस्थांचे अहवाल मागवले. ते फुकट मिळतात, तो तुमचा हक्क आहे. दोघांच्या अहवालात मतदार यादीच्या रकान्यात ‘नोंद नाही’ असं होतं, आणि बँक खातं अजून निवासाच्या जुन्याच पत्त्याला चिकटलेलं. पोस्टाच्या संकेतस्थळावर पोस्टकोड घालून घराचा अधिकृत पत्ता पाहिला तर तिथे ‘फ्लॅट ३, २७’ होता. नगरपालिकेकडे तसा बदल करून घेतला, बँकेतला पत्ता तपासला, आणि पुढच्या दोन महिन्यांत अहवाल एकत्र आले. तिला नवीन काहीच करावं लागलं नाही.

मतदार यादी ऐकून तुम्हाला नवल वाटेल. भारतीय पासपोर्टवर तिथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे आणि राहण्याचा वैध परवाना असलेल्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तो हक्क आहे. जर्मन किंवा जपानी मैत्रिणीला संसदेच्या निवडणुकीसाठी तो मिळणार नाही, तुम्हाला मिळतो. त्याने व्हिसाला किंवा भारतीय नागरिकत्वाला काही होत नाही; होईल, ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. पतसंस्था पत्ता पडताळायला हीच यादी वापरतात, त्यामुळे पैसा न खर्चता मिळणारी सगळ्यात पक्की नोंद ती हीच. नॅशनल इन्शुरन्स नंबर हातात आला की gov.uk/register-to-vote इथे अर्ज करा. पाच मिनिटांचं काम आहे. नाव लागायला साधारण महिना लागतो, शरद ऋतूत यादीची वार्षिक फेरतपासणी चालू असते तेव्हा डिसेंबरपर्यंतही थांबावं लागतं. घर बदललं की पुन्हा नोंदवायचं. विक्रीसाठीच्या खुल्या यादीत नाव नको, असा पर्यायही त्याच फॉर्ममध्ये असतो, त्यावर खूण करा. तुमच्या पतनोंदीवर त्याचा परिणाम नाही, जाहिराती तेवढ्या कमी येतील.

पत्ता आणि नाव बसल्यावरच उधारीकडे वळा. पहिली उधारी फोनची. प्रीपेड सिमची नोंद पतसंस्थेकडे जात नाही, महिन्याच्या कराराचं सिम बहुधा जातं. महागडा फोन हप्त्याने घेऊ नका, नकार मिळेल. दहा-बारा पौंडांचं नुसतं सिम घ्या. भाडं आणि नगरपालिकेचा कर वेळेवर भरता म्हणून आपोआप पत वाढते असा समज आहे, पण त्यांची नोंद सहसा जात नाही.

चार-पाच पगार झाल्यावर कार्ड. तुमच्यासारख्यांसाठी असतं ते ‘क्रेडिट बिल्डर’ जातीचं: मर्यादा दोनशे-पाचशे पौंडांची आणि व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्या वर. थेट अर्ज करू नका. आधी कंपनीच्या किंवा पतसंस्थेच्या संकेतस्थळावर पात्रता चाचणी करा. ती चौकशी फक्त तुम्हाला दिसते, बाकीच्यांना नाही. प्रत्यक्ष अर्जाची चौकशी मात्र सगळ्यांना दिसते. एका आठवड्यात चार अर्ज टाकले तर पाचव्याला वाटतं, ही बाई पैशाला फार अडलेली दिसते.

गुहागरच्या त्या मुलीला मेमध्ये ३०० पौंड मर्यादेचं कार्ड मिळालं. आम्ही ठरवलं की त्यावर फक्त आठवड्याचा किराणा घ्यायचा. महिन्याचं बिल साठ पौंडांच्या आसपास येई, म्हणजे मर्यादेचा पाचवा भाग. हे प्रमाण पाव भागाच्या आत राहिलं की कर्ज देणाऱ्याला तुम्ही ओढाताणीत वाटत नाही. मर्यादाच लहान असल्यामुळे एखादं विमानाचं तिकीट सगळा हिशोब बिघडवतं. तिकिटं डेबिट कार्डाने काढा.

यात सगळ्यात नाजूक जागा एका टिकमार्कची आहे. बिल आपोआप कापलं जावं म्हणून डायरेक्ट डेबिट लावताना ॲप तीन पर्याय देतं: किमान रक्कम, ठरावीक रक्कम आणि पूर्ण बिल. काही ॲपमध्ये किमान रकमेवर आधीच खूण असते. ती तशीच राहिली तर हप्ता वेळेवर गेल्याची नोंद होते, सगळं ठीक वाटतं, आणि मागे बाकी साचत जाते. दोनशे पौंड बाकी राहिली तर पस्तीस टक्क्यांच्या दराने महिन्याला सहा पौंडांच्या जवळपास व्याज. पूर्ण बिल निवडा, आणि पहिली वजावट खरंच कधीपासून होणार ते पाहा. डायरेक्ट डेबिट लागू होण्याआधीच पहिलं बिल येऊ शकतं, ते हाताने भरावं लागतं. चुकलेला हप्ता अहवालात सहा वर्षं राहतो. कार्डावर एटीएममधून रोख कधीच काढू नका. व्याज त्याच दिवसापासून लागतं आणि रोख काढल्याची वेगळी खूण अहवालात उमटते.

अशी वर्षभर शिस्त राहिली की फोनचा हप्ता, बऱ्या दराचं कार्ड, गाडीचं कर्ज यांची दारं उघडायला लागतात. घरकर्जाला व्हिसाची मुदत, अनामत वगैरे पुष्कळ आणखी गोष्टी लागतात, तो विषय आज नको. आणि खोलीतल्या मैत्रिणीबरोबर बिलासाठी जॉइंट खातं काढू नका. तेवढ्याने तिची पत तुमच्या फाइलीला जोडली जाते.

आता चिपळूणचं खातं. बंद करू नका, पण आहे तसंही ठेवू नका. परकीय चलन कायद्यात, म्हणजे फेमात, नोकरीसाठी देश सोडला की त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. १८२ दिवसांचा हिशोब आयकराचा आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणतात. अनिवासी माणसाला साधं बचत खातं चालवता येत नाही. तेच खातं एनआरओ म्हणून बदलून घ्यायचं असतं. बहुधा खाते क्रमांकही तोच राहतो, तरी शाखेत विचारून घ्या, कारण क्रमांक बदलला तर कर्जाच्या हप्त्याची सूचना नव्याने द्यावी लागते. पगार थांबला की पगाराचं खातं आपोआप साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक लागू होऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

त्याच दिवशी एनआरई खात्याचाही अर्ज द्या. दोन्हींचा उपयोग वेगळा. एनआरओत भारतातला पैसा येतो: जुनी शिल्लक, भाडं, बागेच्या आंब्याचा तुमच्या नावावरचा वाटा. त्याच्या व्याजावर तीस टक्के आणि वर उपकर असा कर बँक आधीच कापते. करारानुसार ब्रिटनमधल्या रहिवाशाला तो १५ टक्क्यांवर आणता येतो, पण त्यासाठी दरवर्षी तिथल्या करखात्याचा दाखला द्यावा लागतो. छोट्या शिल्लकीसाठी ती यातायात परवडत नाही, म्हणून एनआरओत गरजेपुरतंच ठेवा. एनआरईत मुख्यतः बाहेरून पाठवलेले पैसे येतात, व्याजावर भारतात कर नाही आणि रक्कम हवी तेव्हा परत नेता येते. भारतात कर नाही म्हणजे ब्रिटनमध्येही नाही, असं मात्र नाही. तिथल्या रहिवाशाचं जगभरचं व्याज त्यांच्या हिशोबात येतं. मूळ दराने कर भरणाऱ्याला सगळ्या बचतीवर मिळून वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज माफ असतं, त्यामुळे सुरुवातीची वर्षं तुम्हाला त्रास होणार नाही. मोठी मुदतठेव केलीत तर आठवण ठेवा.

अर्जाला पासपोर्ट, व्हिसा, पॅन, तिथला पत्ता आणि तुम्ही करासाठी कुठल्या देशाच्या रहिवासी आहात याचं घोषणापत्र लागतं. निघण्याआधी शाखेत जाऊन नेमणूकपत्र दाखवा आणि सगळे फॉर्म सह्या करून ठेवता येतात का विचारा. काही शाखा घेतात, काही तिथल्या पत्त्याशिवाय हलत नाहीत. तिथून पाठवायचं झालं तर प्रती साक्षांकित कराव्या लागतात, टपाल चालतं, आणि एक सही जुळली नाही की पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या गणपतीला येऊन करू म्हणाल, तर सुट्टीचे दहा दिवस, त्यात बँकेच्या सुट्ट्या, आणि शाखेत तुमच्यासारखे आखातातून आलेले बाराजण आधीच बसलेले. इथल्या सहकारी पतसंस्थेत ठेव असेल तर तिचं वेगळं बोलून घ्या, तिथे एनआरई खातं उघडत नाही.

बाबांच्या खात्यात तुमचं दुसरं नाव असेल तर ते काढायची गरज नाही. निवासी माणसाच्या खात्यात जवळचा अनिवासी नातलग जॉइंट राहू शकतो, शाखेला तुमचा बदललेला दर्जा कळवा. मात्र तुमची बचत बाबांच्या खात्यात साठवू नका. घरखर्चाला पाठवलंत तर हरकत नाही, त्यावर करही नाही, पण तो पैसा बाबांचा झाला. पुन्हा तुमच्या एनआरईत तो सरळ येत नाही.

शिक्षणकर्जाचा हप्ता एनआरओतून किंवा एनआरईतून, कुठूनही जातो. हप्त्याच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी पैसे पाठवा. शनिवार, रविवार आणि दोन्ही देशांच्या सुट्ट्या मध्ये येतात. त्याहून बरं म्हणजे तीन हप्त्यांइतकी रक्कम खात्यात कायम पडून असू द्या. तिथली पतसंस्था तुमचा चुकलेला हप्ता पाहणार नाही, पण इथे तो तुमच्याबरोबर बाबांच्याही सिबिलला लागतो. सहकर्जदार म्हणजे तेच. पुढच्या हंगामाला ते बागेसाठी पीककर्ज मागायला गेले की शाखेत पहिल्यांदा तोच आकडा उघडतात, आणि मुलगी इंग्लंडला असून घरात कर्ज थकलंय हे त्यांना मॅनेजरच्या तोंडून कळतं.

शेवटचं, इथला मोबाइल नंबर. सगळे ओटीपी त्यावर येतात, आणि रिचार्ज संपून काही महिने गेले की कंपनी नंबर बंद करून दुसऱ्याला देते. सिम ई-सिम करून सोबत न्या, बाबांच्या फोनमध्ये ठेवून जाऊ नका. तुम्ही रात्री ‘बाबा, मेसेज आला का’ विचाराल तेव्हा इथे पहाट होत आलेली असते. कमीतकमी दराचा रिचार्ज बाबांना लावून द्यायला सांगा. एनआरई-एनआरओ खात्याला ब्रिटनचा नंबर जोडून यूपीआय चालू करता येतं, ते झालं की इथल्या नंबरवरचा भार कमी होतो. आणि खात्यात दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय ठरतं. हप्ता संपल्यावर एनआरओ विसरू नका. कर्जाचे मूळ कागद, पासबुक, सातबाऱ्याचा उतारा यांच्या प्रती स्कॅन करून स्वतःकडे ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणातल्या किती घरांत ओले कागद दोरीवर वाळत होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.